पाठ वर आलेली आभली

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
८ जुलै २०२५

तनू,

तुझी आजी बोलते आणि शेजारची सुलेखा लिहिते. अक्षर सुबक दिसलं तर तिचं, मजकूर वाकडा वाटला तर माझा. शेंद्र्याच्या कारखान्यातून दमून येते बिचारी, तरी माझ्यापुढं कागद घेऊन बसते, कारण मी चहात आलं घालते अन् तिच्या घरी तिला कुणी पाणी विचारत नाय. (सुलेखा म्हणते, हे नको लिहायला. लिही गं, तुझा नवरा कुठं बडोद्याला वाचायला जातोय!)

फोन घेत नाय म्हणून तुझा बाप माझ्यावर रुसलाय. फोनात तू विचारतेस, "बरी आहेस का," मी म्हणते "बरी," अन् संपलं. त्या तोंड दिसायच्या फोनात तर मला माझंच नाक दिसतं, ते मी जन्मभर बघतेय. तुला आजी पाहिजे तर चिठ्ठी लिही.

लग्नानंतरचं पहिलं नवरात्र, अन् तुला बडोद्याच्या गरब्यात माझ्या हातची चनिया-चोळी पाहिजे. व्हय, करते. आजोबा शहागंजात कापडाच्या दुकानी होते तेव्हा शेजारच्या कच्छी रतनबेननं मला आभली, म्हणजे कापडावरचे ते बारके काचेचे आरसे, टाकायला शिकवलं. मी तिला पुरणपोळी शिकवली. तिची पोळी शेवटपर्यंत फुटायची, माझं आभलं कधी निसटलं नाय. बाई खार खाऊन गेली.

काल तुझ्या बापाच्या, अभयच्या गाडीवर बसून शहागंजला गेले. काळं जाड सुती कापड घेतलं. रेशमी नको, काचेच्या वजनानं ते लोंबतं अन् टाक्याभोवती चुरगळतं. दुकानाची पायरी कुणी हलवली की काय, पाय तिच्यावर पडलाच नाय, मी थेट गल्ल्यावर. दुकानदार म्हणाला, "आजी, आरामसे." त्यानं पुढं केली प्लास्टिकची आभली. म्हणलं, ओठाला लावून बघ बाबा. काच ओठाला गार लागते, प्लास्टिक लागत नाय. मग मागच्या खोक्यातून खरी काढली.

खरं आभलं म्हणजे फुंकून फुगवलेल्या काचेच्या गोळ्याचा तुकडा, आतून चांदी चढवलेली. म्हणून मोठ्या आभल्याला जरा पोट असतं. प्लास्टिक सपाट असतं, समोरून उजेड आला तर सगळं एकदम भगभगतं, नाय तर सगळं आंधळं. पोटवाली काच कुठून ना कुठून उजेड पकडतेच. माणसाचंही तसंच आहे, पण ते राहू दे, तुझ्या सासूला वाटेल तिलाच बोलले.

मापं पाठव. अन् तिथं मैदानावर दिवे कुठं लावतात ते लिही. ते कळल्याशिवाय मी सुई उचलत नाय.

तुझी
आजी

⁂

बडोदा
१९ जुलै २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं आणि सासूबाई पोटाचा विषय निघाल्यावर खरंच हसल्या. मापं वेगळ्या कागदावर आहेत. कंबर लग्नापेक्षा वाढली आहे, त्यावर एक शब्दही बोलायचा नाही.

दिव्यांचं तुझ्या नातजावयाला, विश्वजीतला विचारलं. त्याला वाटलं मी वीजबिल भरायला निघाले. मैदानाच्या चारी बाजूंना उंच खांब असतात, त्यांच्यावर पांढरे प्रखर दिवे, सगळा उजेड वरून खाली. मधोमध देवीपाशी फक्त समईचा मंद उजेड. सगळे गोल करून फिरतात, पायांत काही नाही, अनवाणी.

इथं बहुतेक मुली चनिया-चोळी भाड्यानं घेतात. त्या कपड्यांवर आभली नुसती चिकटवलेली, वर तयार भरतकामाचं कडं डकवलेलं. घामानं डिंक सुटतो आणि ती मैदानात पडतात. मागच्या वर्षी माझ्या जावेच्या टाचेत एक घुसलं होतं म्हणे. म्हणून मला तुझ्या हातचं हवं. आणि खरं सांगू? इथं सगळ्यांच्या माहेरून काही ना काही येतं. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तूच आहेस.

पण व्हिडिओवर एकदा तरी ये ना. मागच्या वेळी बाबांनी फोन तुझ्यासमोर धरला, तर तू माझ्याकडे न बघता भिंतीशी बोलत होतीस.

तुझी
तनू

⁂

पुंडलिकनगर
३ ऑगस्ट २०२५

तनू,

भिंत माझं ऐकून घेते, मधे बोलत नाय. म्हणून बोलले तिच्याशी.

दिव्यांचं लिहिलंस ते बरं केलंस. आता ऐक, सगळं त्यावरच आहे. उजेड वरून असला तर उभ्या कापडावरच्या आभल्याला तो नुसता घासून जातो. म्हणून चोळीला खांद्याच्या उतारावर अन् छातीच्या वरच्या अंगाला दाट आभली टाकतेय, तिथं कापड वर तोंड करून असतं. पाठीवर एक आडवी ओळ, अन् बाहीला बाहेरच्या अंगानं. काखेत नाय, कोपराच्या घडीत नाय, चनियाच्या नेफ्याजवळ तर अजिबात नाय. जिथं कापड मुडपतं तिथं काच एक तर फुटते, नाय तर तुला कापते.

चनियाचं गणित उलटं. तू उभी असलीस की घेर खाली लोंबतो अन् काठाची आभली समोरच्या माणसाकडं बघतात. तू गिरकी घेतलीस की काठ उचलतो, आभली तोंड वर करतात, खांबावरचा उजेड झेलतात अन् समोरच्याच्या तोंडावर फेकतात. म्हणून सगळ्यात मोठी अन् पोटाची काठाला. वजनानं घेरही छान पसरतो. वर कळ्यांमधून बारीक बारीक होत जायची. कळी म्हणजे घेराचं ते तिरपं कापलेलं पान, ठाऊक आहे ना? का तेही विसरलीस?

सुलेखा विचारते, काचेला भोक नसतं तर शिवता कशी? बघ, कारखान्यात मोटारीचे भाग जोडते अन् हे ठाऊक नाय. आभलं डाव्या अंगठ्यानं दाबून धरायचं. त्याच्यावरून दोन उभे धागे, मग दोन आडवे, आडवे उभ्यांत अडकवून. अशी चौकट होते. ती काठाशी नाय, पार आत, मधाजवळ घट्ट धरायची. कारण पुढचा प्रत्येक टाका तिला बाहेर ओढणार. मग सुई चौकटीखालून घालायची, धाग्याचा फास करून ओढायची, लगेच काचेच्या कडेला कापडात एक चिमटा घ्यायचा. एकदा चौकट, एकदा कापड. असं गोल फिरलं की चौकट ताणून ताणून काठाला जाते अन् काचेभोवती टाक्यांचं कडं बसतं. काचेची धार आधी फरशीवर घासून मारायची, नाय तर तीच धागा कापते.

एक गंमत सांगते. हल्ली मला संध्याकाळी बल्बभोवती इंद्रधनुष्याचं कडं दिसतं. लाल, पिवळं, निळं, अगदी आभल्याच्या टाक्यांसारखं. देवानंही भरतकाम सुरू केलंय म्हणायचं. कपाळ मात्र ठणकतं मग. परवा कपाटाचं दार उघडं होतं ते बाजूनं येऊन मला लागलं. अभय म्हणाला, "आई, दार चालत नसतं." म्हणलं, या घरात सगळंच चालतं.

सुलेखा काहीतरी लिहू बघते, मी नको म्हणते.

चोळी सोबत पाठवतेय.

आजी

⁂

बडोदा
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय आजी,

चोळी मिळाली. मी खिडकीत उभी राहून खांदा हलवला आणि छतावर उजेडाचे ठिपके पळाले. विश्वजीत ते बघत चहा विसरला. एकेक आभलं असं बसलंय की नखानं हलवूनही हलत नाही. अस्तरही किती मऊ लावलंस, एकही गाठ टोचत नाही.

एकच विचारते. पाठीवरची ओळ उजवीकडून सरळ निघते आणि डावीकडे खाली घसरत जाते, शेवटची दोन तर शिलाईत शिरली आहेत. ही तुझी काही कच्छी युक्ती आहे का? जाऊबाई म्हणाल्या, असंच असतं हातकामाचं सौंदर्य.

इंद्रधनुष्याचं वाक्य मी सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळे "वा" म्हणाले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "हा मोतीबिंदू आहे गं. मलाही दिव्याभोवती असंच पसरायचं. काही घाबरायचं नाही, मात्र पुरता पिकल्याशिवाय हात लावायचा नाही." त्यांचं ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाल्यावर त्यांना म्हणे भिंतीवरचे डागसुद्धा दिसायला लागले, म्हणून घर रंगवायला लावलं. तेव्हा आजी, पिकू दे. दिवाळीत मी येते तेव्हा आपण काढून टाकू. मी स्वतः तुझ्या डोळ्यात थेंब घालीन.

सुलेखाताई काय लिहीत होत्या गं?

तनू

⁂

पुंडलिकनगर
३० ऑगस्ट २०२५

तनू,

तुझ्या सासूला सांग, शहाणी बाई आहे. पिकू दे. आंबा पिकतो, केस पिकले, आता डोळा. सुलेखा म्हणते आत्ताच दवाखान्यात चला. मी तिला तुझी चिठ्ठी पुन्हा वाचायला लावली. एवढी शिकलेली नात बडोद्यात बसून सांगते, तर खोटं असेल का? (सुलेखानं पेन ठेवलं होतं. पुन्हा उचललंय. तोंड फुगवून लिहितेय.)

पाठीची ओळ विचारतेस. ती मुद्दाम. सरळ ओळीकडं कुणी दोनदा बघत नाय.

चनिया होत आला. आता मी एक आभलं घेते, डोळ्यासमोर धरते, तेवढंच बघते. ते लख्ख दिसतं. कडेला काय आहे ते बघायची गरज काय? बैलाला झापड लावली तर तो जास्त सरळ चालतो. एक कळी मधेच रिकामी राहिली असं सुलेखा म्हणते. मी म्हणते, ती दम खायला ठेवलीय. सगळीच चमकली तर चमक कळायची कशी? तरी हट्टानं भरतेय ती, बारक्या आभल्यांनी.

गल्लीतल्या गणपतीला गेले नाय यंदा. मांडवात वायरी फार. तुझा बाप दोन पाळ्या करतो, घरी येऊन जेवतो अन् झोपतो. त्याला काही सांगायचं नाय, मी सांगते म्हणून.

डावा अंगठा काचेनं सोलवटलाय, बोटांना आता काही कळत नाय. उजेडही लवकर जातो हल्ली. तुमच्याकडं पण दुपारीच तिन्हीसांज होते का गं?

पार्सल अभय टाकेल.

आजी

⁂

बडोदा
१२ सप्टेंबर २०२५

सुलेखाताई,

हे पत्र तुमच्यासाठी आहे. कृपा करून आजीला वाचून दाखवू नका.

चनिया आला. काठाची मोठी आभली पाहून मी घरभर नाचले. मग शेवटच्या कळीकडे लक्ष गेलं. तिच्यातली बारीक आभली काळ्या कापडावर भोकं पडल्यासारखी दिसत होती. वाटलं, काच जुनी असेल. ओल्या फडक्यानं पुसली. तरी करडीच. मग दिव्याखाली धरून पाहिलं. ताई, ती उलटी बसवली आहेत. चांदीमागचा करडा लेप वर आणि आरसा कापडाकडे. जवळजवळ सगळी. त्यांच्याभोवतीचं कडं मात्र असं नेमकं की एक टाका मागं-पुढं नाही.

मोठ्या आभल्याला पोट असतं, ते बोटाला कळतं. बारकी सपाट असतात. त्यांची पाठ कुठली आणि तोंड कुठलं हे फक्त डोळ्याला कळतं.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "दिसतं तिला. चहा स्वतः करते." खरं काय आहे ते तुम्ही लिहा. मी विचारलं तर ती विनोद करील.

तनुजा

⁂

पुंडलिकनगर
१६ सप्टेंबर २०२५

तनुजाताई,

फोन केला असता, पण आमची भिंत एकच आहे आणि आजींचे कान सगळ्या गल्लीत तल्लख. म्हणून लिहिते.

चहा त्या स्वतः करतात हे खरं. कपात बोट बुडवून ठेवतात, भाजलं की ओतायचं थांबवतात. गाळणी मी रोज एकाच खिळ्याला अडकवून जाते. तुमचे बाबा येतात तेव्हा त्या खुर्चीवर बसलेल्याच असतात, म्हणून त्यांना दिसत नाही. समोर उभं राहिलं तर ओळखतात, बाजूनं गेलं तर नाही.

तीन ऑगस्टच्या पत्रात मी हेच लिहीत होते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "दवाखान्यात नेलंस तर पहिलं काय सांगतील? सुई ठेवा. पोरीचं पहिलं नवरात्र आहे, तिला माहेरचं काही जायला पाहिजे." मग तुमचं पिकू द्यायचं पत्र आलं आणि माझं बोलणं संपलं.

काल मी सुट्टी काढली. त्यांना सांगितलं, माझा डोळा दाखवायचाय, सोबत चला. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "तुझा डोळा तर चांगला मारका आहे, त्याला काय झालं?" दवाखान्यात शिरल्यावर ओळखलं, पण उठल्या नाहीत.

ताई, मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि मागची नस वाळत जाते. आधी कडेचं दिसणं जातं, माणसाला ते कळतही नाही. दिव्याभोवतीची कडी, कपाळ ठणकणं, दोन्ही त्याचंच. मोतीबिंदूसाठी थांबलं तरी चालतं. याला थांबून चालत नाही. यात गेलेलं परत येत नाही. उजवा डोळा गेला आहे. डाव्याला मधे थोडी जागा उरली आहे, ती थेंबांनी टिकवायची. आणखी आधी आणलं असतं तर जास्त उरलं असतं का, असं मी विचारलं. ते "हो" म्हणाले आणि थेंबांची चिठ्ठी लिहायला लागले.

आजी बाहेर येऊन म्हणाल्या, "काचेचं काम केलं तर काचबिंदूच होणार. मोत्यांचं केलं असतं तर मोतीबिंदू झाला असता. रतनबेननं फसवलं."

मग रस्ताभर थेंबांची बाटली मुठीत धरून बसल्या.

सुलेखा

⁂

बडोदा
२६ सप्टेंबर २०२५

आजी,

सुलेखाताईंचं पत्र वाचून तुला बघायला आले, अन् परवा तुझ्याजवळून निघाले तेव्हा तू दारापर्यंत आलीस आणि मी पायरी उतरल्यावरही मी जिथं उभी होते तिथंच हात हलवत राहिलीस. मी बाजूला सरकून पाहिलं. तुझा हात तिकडेच होता.

मी पिकू दे म्हणाले. ते शब्द माझ्या अक्षरात आहेत आणि सुलेखाताईंनी ते तुला दोनदा वाचून दाखवले. सासूबाई देवासमोर बसून आहेत. मी त्यांना काही बोलले नाही, मलाच कुठं ठाऊक होतं!

गरब्याला मी गेले नाही. चनिया कपाटात आहे. दार उघडलं की आतून चमकतो म्हणून मी कपाटही उघडत नाही. सगळे म्हणतात तिनं तुझ्यासाठी केलंय, घाल. चनियाच्या काठावर तुझे डोळे टाकले आहेत असं वाटतं, मग कसा घालू?

थेंब वेळेवर घाल. बाबांना मी बजावलंय.

तनू

⁂

पुंडलिकनगर
५ ऑक्टोबर २०२५

तनू,

दसरा झाला. सोनं म्हणून तुझ्या बापानं माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं, मी ते विडा समजून तोंडाकडं नेलं. तो रडायला लागला. पन्नाशीचा बाप्या, तोंड केवढं करतो! आता रोज स्वतः थेंब घालतो, निम्मे गालावर.

तू लिहिलेलं सुलेखानं वाचलं, तिसऱ्या ओळीला तिनं कागद खाली ठेवला. मग मीच म्हणलं, वाच पुढं, शेवटपर्यंत. ऐक, तू सांगितलंस म्हणून मी थांबले असं डोक्यात घेऊ नको. एवढं मी कुणाचं ऐकत असते तर तुझ्या आजोबांना लई सुख झालं असतं. मला सुई ठेवायची नव्हती. तुझ्या सासूनं सबब दिली, मी घेतली. तिला देवापुढून उठव, स्वयंपाक कोण करतंय?

माझे डोळे काठावर टाकले म्हणतेस. नाय टाकले. काच आहे ती, ओठाला लावून बघ.

उलटी आभली बसली हे सुलेखानं शेवटी सांगितलंच, ती मात्र मला चालणार नायत. रतनबेन वरून हसत असेल. ती तूच काढायची अन् तूच बसवायची. पुढून कात्री लावू नको, काचेला ओरखडा येतो. कापडाच्या मागून चिमटे एकेक काप, कडं आपोआप सैल होतं. काच पालथी कर, चौकट मधाजवळ घट्ट धर. पहिली सगळी निसटतील. निसटू दे. शिव्या देत बस, त्यानं हात स्थिर राहतो.

अन् दिवाळीची वाट बघू नको. डॉक्टर सांगतात टिकेल, पण सांगताना त्यांचा आवाज तुझ्या बापासारखा झाला होता. आता मधे जेवढी जागा उरलीय त्यात एक आभलं मावतं, दुसरं नाय. तू चनिया घालून ये. इथं अंगणात माझ्यासमोर उभी राहा. गिरकी घेऊ नको, घेतलीस तर मला काहीच सापडायचं नाय. नुसती उभी राहा अन् मी म्हणेन तशी पाऊलभर सरक. काठापासून सुरू करते, एकेक बघते.

घेर मोठा केलाय मी. रजा जास्तीची काढून ये.

आजी